कारखाना बंद होताना : नोटिशीतील शब्दांचा हिशेब

वैनगंगेकाठच्या कारध्याहून भंडारा परिसरातील कारखान्यात कामाला जाणारा एखादा कामगार घ्या. सकाळी फाटकावर नोटीस लागलेली दिसते आणि तिच्यात 'ले-ऑफ', 'रिट्रेंचमेंट', 'क्लोजर', 'सेव्हरन्स' हे शब्द एकाच परिच्छेदात आलेले असतात. गावात या सगळ्याचा अर्थ एकच लावला जातो : नोकरी गेली. कायद्याच्या दृष्टीने मात्र यातील प्रत्येक शब्दाचा हिशेब वेगळा आहे.

ले-ऑफमध्ये नोकरी जातच नाही. वीज, कोळसा वा कच्चा माल नसणे, यंत्र मोडणे किंवा माल पडून राहणे अशा कारणांनी मालक काम देऊ शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. कामगाराचे नाव हजेरीपटावर कायम राहते आणि पन्नास किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात वर्षभर नोकरी झालेल्यास मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळते. कारखाना कायमचा बंद करण्याच्या नोटिशीत हा शब्द आला, तर नोकरी नेमकी कोणत्या तारखेला संपते, हा प्रश्न लेखी विचारलाच पाहिजे.

रिट्रेंचमेंट म्हणजे कामगारकपात. कारखाना चालू आहे, पण काही माणसे जास्त झाली म्हणून त्यांना काढले जाते. आता सगळ्यांनाच काढले आणि कारखानाही मिटवला, तर त्याला कपात म्हणायचे काय? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तो महाराष्ट्रातूनच. बार्शी लाइट रेल्वे ही खासगी कंपनी 1 जानेवारी 1954 पासून सरकारने विकत घेतली. कंपनीने त्याआधीच साऱ्या कामगारांना सेवासमाप्तीची नोटीस दिली होती. कामगारांनी कपातीची भरपाई मागितली. 27 नोव्हेंबर 1956 रोजी न्यायालयाने निकाल दिला, की कपात ही चालू धंद्यातीलच असू शकते. धंदा खरोखर संपल्यावर सर्वांना निरोप देणे ही कपात नव्हे. भरपाईचा दावा फेटाळला गेला. या निकालाने उघड झालेली पोकळी संसदेने 1957 मध्ये भरून काढली आणि धंदा बंद झाल्यास कामगाराला 'जणू कपात झाली' असे समजून भरपाई द्यावी, अशी तरतूद केली.

'जणू' हा शब्द आजही महत्त्वाचा आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनेही तीच रचना ठेवली आहे. भरपाईचा दर सेवेच्या प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचे सरासरी वेतन. सहा महिन्यांहून अधिक उरलेला काळ पूर्ण वर्ष धरायचा.

समजा, ऐंशी कामगारांच्या कारखान्यात आपल्या कामगाराची सेवा 12 वर्षे 7 महिने झाली आहे आणि सरासरी वेतन 18,000 रुपये आहे. वर्षे तेरा धरली जातील. महिन्याचे अर्धे 9,000, म्हणजे भरपाई 1,17,000 रुपये. ग्रॅच्युइटी याहून निराळी असते आणि तिथे महिना सव्वीस दिवसांचा धरतात. त्यामुळे याच वेतनावर तेरा वर्षांची रक्कम 1,35,000 होते. दोन्ही आकडे स्वतंत्रपणे देय आहेत.

इथे एक खाच आहे. 'मालकाच्या आवाक्याबाहेरील अटळ कारणाने' कारखाना बंद झाला असे ठरले, तर याच कामगाराची बंदची भरपाई तीन महिन्यांच्या सरासरी वेतनापुरती, म्हणजे 54,000 रुपयांवर थांबते. मात्र तोटा झाला, पैसा नाही किंवा माल खपला नाही, ही कारणे कायदा अटळ मानत नाही. म्हणून नोटिशीतील कारणाचे वाक्य आकड्यांइतकेच बारकाईने वाचावे लागते. नव्या संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी मालकाने आणखी पंधरा दिवसांचे वेतन पुनर्कौशल्य निधीत भरायचे आहे. पण ही तरतूद शब्दशः कपातीपुरतीच आहे. बार्शीच्या कामगारांना जो भेद नडला, तो या ठिकाणी पुन्हा डोके वर काढतो.

राहिला 'सेव्हरन्स'. औद्योगिक संबंध संहितेने या नावाचे कोणतेही देणे ठरवलेले नाही. कंपनी निरोपाच्या वेळी जी एकत्रित रक्कम देऊ करते, तिला व्यवहारात हे नाव पडले आहे. वरील कामगाराला 'तीन लाखांचे सेव्हरन्स' सांगितले, तर ऐकायला ती मोठी रक्कम वाटते. पण भरपाई आणि ग्रॅच्युइटी तिच्यातच धरली असतील, तर 2,52,000 रुपये त्याच्या हक्काचेच आहेत आणि कंपनीचे औदार्य उरते 48,000 रुपयांचे. त्यातही महिनाभराच्या नोटिशीऐवजी द्यायचा पगार धरला असल्यास 30,000 रुपयेच. शिवाय अशा रकमेच्या पावतीसोबत अनेकदा राजीनाम्याचा कागद असतो. स्वेच्छेने नोकरी सोडणे कपातीच्या व्याख्येत बसत नाही. त्यामुळे रकमेची फोड लेखी हाती येण्यापूर्वी त्या कागदावर सही झाली, तर नंतर भरपाईचा दावा मांडताना कामगाराला आधी आपलाच राजीनामा खोडून काढावा लागतो.