बिअरमधला तांदूळ आणि लेबलावरचा माल्ट

३ फेब्रुवारी २०१९ रोजी अमेरिकेत सुपर बोलच्या सामन्यादरम्यान बड लाइट या बिअरची एक जाहिरात दाखवली गेली. एका राजाच्या किल्ल्यावर कॉर्न सिरपचे भलेमोठे पिंप चुकून येऊन पडते. ‘हे आमचे नव्हे’ म्हणून राजा आणि त्याची माणसे ते आधी मिलर लाइटच्या आणि मग कूर्स लाइटच्या किल्ल्यावर पोहोचवतात. मतलब उघड होता. त्यांच्या बिअरमध्ये मक्याचा पाक असतो, आमच्या बिअरमध्ये नसतो. प्रतिस्पर्धी कंपनी कोर्टात गेली. २०२० मध्ये अपील न्यायालयाने सांगितले, की स्वतःच्या घटकांच्या यादीत जे तुम्हीच छापता, ते दुसऱ्याने बोलून दाखवले तर तक्रार कसली?

या भांडणात एक गोष्ट मागे पडली. बड लाइटमध्येही केवळ बार्लीचे माल्ट नसते, त्यात तांदूळ असतो. आणि ३५५ मिलिलिटरच्या कॅनमागे कंपन्यांनी दिलेले आकडे पाहिले, तर ‘पाकवाल्या’ मिलर लाइटमध्ये कर्बोदके ३.२ ग्रॅम आणि ऊर्जा ९६ कॅलरी, तर बड लाइटमध्ये ६.६ ग्रॅम आणि ११० कॅलरी. दोन्हींत अल्कोहोल सारखेच, ४.२ टक्के. मक्याचा पाक वापरलेल्या बिअरमध्ये कर्बोदके कमी कशी, हे समजले की या विषयातला निम्मा गोंधळ संपतो.

बिअरसाठी बार्ली भिजवून तिला मोड आणतात आणि मग ती वाळवतात, हेच माल्ट. मोड येताना दाण्यात अमायलेज नावाची विकरे तयार होतात. माल्ट दळून ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास गरम पाण्यात ठेवले, की ही विकरे पिठूळ भागाची, म्हणजे स्टार्चची, साखर करतात. यीस्ट ती साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनवते. पण माल्टमधल्या स्टार्चची सगळीच साखर होत नाही. काही तुकडे मोठेच राहतात, त्यांना डेक्स्ट्रिन म्हणतात. यीस्टला ते पचत नाहीत, म्हणून ते बिअरमध्ये उरतात आणि तिला अंग देतात. मक्याच्या पाकातली साखर मात्र जवळजवळ पूर्णपणे यीस्टच्या पोटात जाते. टाकीत पाक ओतला म्हणून तो ग्लासात येत नाही. तो आंबताना संपतो, मागे उरते अल्कोहोल. शीतपेयातल्या फ्रुक्टोजयुक्त मक्याच्या पाकाशी त्याची गल्लत करणे म्हणूनच चुकीचे.

तांदळाची गोष्ट थोडी वेगळी. त्याला मोड आणलेले नसतात, त्यामुळे स्वतःची विकरे जवळपास नाहीत, आणि त्याचे स्टार्च माल्टला चालणाऱ्या तापमानाला नीट फुलत नाही. म्हणून तांदळाची कणी थोड्या माल्टबरोबर वेगळ्या भांड्यात उकळतात, पेज करतात म्हणा ना, आणि ती मुख्य टाकीत सोडतात. तिथे माल्टची विकरे बार्लीबरोबर तांदळाचेही काम उरकतात. दुसरा मार्ग भारतीय स्वयंपाकघराला ओळखीचा आहे. दाबून चपटे केलेले, आधीच वाफेने शिजलेले दाणे, म्हणजे पोहेच. ते थेट माल्टमध्ये मिसळता येतात. मका वापरायचा असेल तर त्यातला तेलकट अंकुर आधी काढावा लागतो, नाहीतर तेल खवट होते आणि फेस टिकत नाही. काम पुरे झाले की नाही, हे शाळेतल्या प्रयोगशाळेसारखेच कळते. थेंबभर आयोडीन टाकून द्रव निळाकाळा झाला, तर स्टार्च अजून शिल्लक आहे.

हे सारे पैसे वाचवण्यासाठीच सुरू झाले, असा समज आहे. स्वस्ताईचा भाग आज नक्कीच आहे, पण सुरुवातीचे कारण दुसरे होते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गेलेल्या जर्मन कारागिरांना तिथे मिळाली ती सहा ओळींच्या कणसाची बार्ली. तिच्यात प्रथिने जास्त. ही प्रथिने टरफलातल्या पॉलिफेनॉलशी जुळली, की थंड केलेली बिअर गढूळ होते. तांदूळ आणि मक्यात विद्राव्य प्रथिने फार थोडी, म्हणून ते मिसळल्यावर प्रमाण खाली आले आणि बिअर स्वच्छ, फिकट झाली. अँटन श्वार्त्झ या रसायनज्ञाने १८६०च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत तिथल्या कारखानदारांना समजावली. १८७६ मध्ये आलेली बडवायझर तांदळावरच उभी राहिली. बव्हेरियात मात्र १५१६च्या नियमाने बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढेच मान्य केले होते. शुद्ध माल्टच्या बिअरभोवतीचे वलय तिथून आले आहे.

मिश्रणालाही मर्यादा असते. तांदूळ-मका फार झाला, तर यीस्टला वाढीसाठी लागणारी अमिनो आम्ले कमी पडतात. आंबणे रेंगाळते, कधी सडक्या अंड्यासारखा वास येतो, कधी नको तेवढा लोण्यासारखा. म्हणून धान्याचा मोठा वाटा माल्टचाच ठेवावा लागतो. चवीतला फरक यातूनच येतो. शुद्ध माल्टची बिअर जाडसर, भाजल्या धान्याची आठवण देणारी असते. तांदळाची कोरडी आणि हलकी, मक्याची किंचित गोडसर.

भारतात मोठ्या खपाच्या अनेक बिअरच्या लेबलावर बार्ली माल्टबरोबर तांदूळ, मका किंवा साखर लिहिलेली दिसते. त्यावरून ‘भेसळ’ म्हणणारे आहेत आणि ‘शंभर टक्के माल्ट’ म्हणजे तब्येतीला बरी असे मानणारेही. दोन्हींना आधार नाही. शरीराला खरा फरक पडतो तो लेबलावरच्या दुसऱ्या आकड्याने. ६५० मिलिलिटरच्या बाटलीत ५ टक्के अल्कोहोल असेल, तर शुद्ध अल्कोहोल सुमारे २६ ग्रॅम होते. ८ टक्के असेल तर सुमारे ४१ ग्रॅम. एका ग्रॅमला ७ कॅलरी धरल्या, तर नुसत्या अल्कोहोलच्या अनुक्रमे १८० आणि २८७ कॅलरी. यकृताला हे अल्कोहोल बार्लीतून आले की तांदळातून, याने काही फरक पडत नाही. स्ट्राँग बिअरमध्ये साखर किंवा पाक घालण्याचा एक उपयोग नेमका हाच आहे. अंग न वाढवता अल्कोहोल वाढते, आणि प्यायला हलकी लागल्यामुळे किती घेतली याचा अंदाज चुकतो.

दोन प्रकारच्या रुग्णांनी मात्र घटकांकडे लक्ष द्यावे. गव्हा-बार्लीतले ग्लुटेन न चालणाऱ्या सिलिअॅक रुग्णांना तांदूळ हा शब्द वाचून सुरक्षित वाटते. पण बार्ली आहे म्हणजे तिचे ग्लुटेन आहे, तांदळाने ते फक्त पातळ होते. गाऊटच्या रुग्णांचे उलट. बिअरमधली प्युरिने मुख्यतः माल्टमधून येतात, त्यामुळे शुद्ध माल्टच्या बिअरमध्ये ती जास्त असण्याचा संभव. तरी तांदळाची बिअर घेऊन सुटका नाही, कारण अल्कोहोल स्वतःच यकृतात युरिक आम्ल वाढवते आणि मूत्रपिंडातून ते बाहेर पडणे रोखते. अंगठा सुजून रात्री दोन वाजता ओपीडी नव्हे, कॅज्युअल्टी गाठणाऱ्याच्या बाटलीत माल्ट किती टक्के होते, हे डॉक्टर विचारत नाही. किती बाटल्या, हे विचारतो.