गोळी थांबवू नये, रक्त थांबवावे

हृदयात कृत्रिम झडप बसविलेले अहेरीचे एक व्यापारी दाढ काढण्यासाठी चंद्रपूरला आले. रक्त पातळ ठेवणारी असिट्रॉमची गोळी त्यांनी स्वतःच्याच मनाने तीन दिवस बंद ठेवली होती. दंतवैद्यांनी दाढेला हातही लावला नाही. त्यांनी हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून गोळी पुन्हा सुरू करविली. गोळी थांबली तर झडपेवर गुठळी धरून पक्षाघात होऊ शकतो. दाढेचे रक्त मात्र डोळ्यांसमोर असते, ते दाबून थांबविता येते.

दोन आठवड्यांनी, आदल्या दिवशीच्या तपासणीत आयएनआर २.८ आला. तो ४ च्या आत असल्याने दाढ सकाळीच काढली. झडपेला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून प्रतिजैविक तासभर आधी दिले. खळग्यात भरावयाचा जिलेटिनचा स्पंज प्राणिज असतो, म्हणून त्यांच्या विनंतीवरून वनस्पतिजन्य ऑक्सिडाइज्ड सेल्युलोज भरून टाके घातले. अर्धा तास कापसाची घडी घट्ट चावून धरविली.

वेदनेसाठी फक्त पॅरासिटामॉल दिले, कारण आयब्युप्रोफेन वा डायक्लोफेनॅकने रक्तस्राव वाढतो. चोवीस तास चूळ भरणे वर्ज्य. उकळलेले पाणीही पूर्ण गार करूनच प्यावयाचे. अर्धा तास दाबूनही रक्त थांबले नाही तर लगेच दवाखाना गाठावा लागतो. जंगलातील रात्रीचा रस्ता लांबचा, म्हणून त्यांनी त्या रात्री चंद्रपुरातच मुक्काम केला.