चाळीस गुंठ्यांचे चोवीस भूखंड

एका एकरात चाळीस गुंठे, म्हणून एक-एक गुंठ्याचे चाळीस प्लॉट, असा हिशेब शहरांच्या वेशीवर सर्रास सांगितला जातो. सामान्य माणूस त्यावर विश्वास ठेवून आयुष्याची पुंजी गुंतवतो. हा हिशेब खोटा आहे आणि तो कागदावर मांडला की लगेच उघडा पडतो.

सार्वजनिक रस्त्याला 68 मीटर लागून असलेली आणि 60 मीटर खोल अशी जमीन घ्या. क्षेत्र 4,080 चौरस मीटर, म्हणजे एकराहून किंचित जास्त. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीत दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते आणि आतला रस्ता किमान 9 मीटर रुंद ठेवावा लागतो. भूखंड 8 बाय साडेबारा मीटरचे, म्हणजे शंभर चौरस मीटरचे, जवळपास एक गुंठ्याचे धरू. ते मांडायला दोन रस्ते आणि चार ओळी लागतात. रस्त्यांतच 1,080 चौरस मीटर, सव्वीस टक्क्यांहून अधिक जमीन जाते. मधल्या दोन पाठमोऱ्या ओळींतून मोकळ्या जागेसाठी 410 चौरस मीटर काढले की त्या ओळींत पाच-पाच भूखंड बसतात. कडेच्या ओळींत सात-सात. एकूण चोवीस.

नुसता भागाकार केला तर पंचवीस येतात. पण 60 मीटरमध्ये 8 मीटरचे सात भूखंड बसल्यावर 4 मीटर उरतात आणि त्यात आठवा बसत नाही. अशा उरलेल्या तुकड्यांपैकी एखाद्यात विजेचे रोहित्र बसवता येते, बाकीचे शेजारच्या भूखंडांना जोडले जातात. जमिनीतून विकास आराखड्यातला रस्ता जात असेल, तर त्याखालचे क्षेत्र या साऱ्याआधीच वजा होते.

आता याच मांडणीत मोकळी जागा गिळली, तर भूखंड अठ्ठावीस होतात. शिवाय रस्ते 6 मीटरचे करून भूखंड अरुंद व जास्त खोल केले, तर बत्तीस. चाळीस तरीही होत नाहीत. म्हणजे जादा विकलेला प्रत्येक भूखंड मुलांच्या मैदानातून किंवा अग्निशमन गाडीच्या वाटेतून आलेला असतो. पैसे मात्र तिथे राहायला येणाऱ्यांच्याच खिशातून जातात, आणि वाट अडली की त्रासही त्यांनाच होतो. ही फसवणूक आहे.

पाचशे चौरस मीटरहून मोठ्या आणि आठांहून अधिक भूखंडांच्या प्रकल्पाची विक्रीपूर्वी महारेरात नोंदणी सक्तीची आहे. त्याच्या प्रत्येक जाहिरातीत मंजूर रेखांकनातली भूखंडांची संख्या, रस्त्यांचे क्षेत्र आणि मोकळी जागा छापणे सरकारने बंधनकारक करावे. तोवर ग्राहकांनी रंगीत माहितीपत्रक बाजूला ठेवून मंजूर रेखांकनाची प्रत मागावी, त्यावरचे क्षेत्र विवरणपत्र वाचावे आणि जागेवर जाऊन रस्त्याची रुंदी टेपने मोजावी. ती साडेएकोणतीस फुटांपेक्षा कमी भरली, तर इसार देऊ नये.