फोरक्लोजर स्टेटमेंटमधला हरवलेला हप्ता

कर्ज मुदतीआधी फेडायला निघालेला अशील फोरक्लोजर स्टेटमेंट घेऊन कर सल्लागाराकडे येतो, तेव्हा त्या कागदावर जेमतेम चार ओळी असतात. बहुतेक जण खालची बेरीज जुळली की कागद परत करतात. तपासणीची खरी जागा मात्र हप्त्यांचा खातेउतारा आहे.

समजा, ५ जून २०२३ रोजी ५ लाखांचे वैयक्तिक कर्ज घेतले. स्थिर व्याजदर १२ टक्के, मुदत ४८ महिने, हप्ता १३,१६७ रुपये, दर महिन्याच्या ५ तारखेला. चोविसावा हप्ता ५ जून २०२५ रोजी बचत खात्यातून वळता झाला. २० जूनला कर्ज बंद करण्यासाठी आलेल्या स्टेटमेंटमध्ये मुद्दल २,८९,९७५, व्याज २,९००, चार टक्के मुदतपूर्व परतफेड शुल्क ११,५९९ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी २,०८८ रुपये. एकूण ३,०६,५६२.

आता परतफेडीचा तक्ता शेजारी ठेवावा. तेविसाव्या हप्त्यानंतरची शिल्लक २,८९,९७५ आहे आणि चोविसाव्यानंतरची २,७९,७०८. म्हणजे स्टेटमेंट एक हप्ता मागे आहे. व्याजाचा आकडाही तेच सांगतो: २,९०० हे मे-जूनचे महिन्याचे व्याज असून ते ५ जूनच्या हप्त्यातच भरले गेले आहे. पासबुकात रक्कम वजा झालेली दिसते आणि नंतर परत आलेली नाही, एवढी खात्री करावी. हप्ता परतला असेल, तर स्टेटमेंटमधली मुद्दल बरोबर ठरते.

पुढचे व्याज ५ ते २० जूनचे, १५ दिवसांचे. २,७९,७०८ वर १२ टक्क्यांनी, ३६५ दिवसांच्या हिशेबाने ते १,३७९ रुपये होते. स्टेटमेंटमध्ये हे व्याज नाहीच. ते कर्जदाराने द्यायला हवे. मात्र या १५ दिवसांसाठी पूर्ण महिन्याचे व्याज लावता येत नाही. रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात ही प्रथा अनुचित ठरवली आहे.

शुल्क मुद्दलीवर बसते, त्यामुळे मुद्दल चुकली की तेही चुकते. योग्य शुल्क ११,१८८ आणि जीएसटी २,०१४. दुरुस्त एकूण २,९४,२८९, म्हणजे मागणी १२,२७३ रुपयांनी जास्त.

चार टक्क्यांचा दर कर्जकरारात लिहिलेला आहे का, हे वेगळे पाहावे. व्याजदर बदलता असता, तर व्यक्तीच्या बिगरव्यावसायिक कर्जावर बँकेला हे शुल्क लावताच आले नसते. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकृत कर्जांना रिझर्व्ह बँकेचे नवे निर्देश लागू आहेत, तेव्हा मंजुरीची तारीख आधी वाचावी.

रक्कम भरण्यापूर्वी तारीखवार फरक लिहून सुधारित स्टेटमेंट मागवावे आणि ५ जुलैचा हप्ता खात्यातून वळता होणार नाही, याची लेखी पोच घ्यावी.