सरकार आज नियम काढून तो 2005 पासून लागू करू शकतं का?

10 जुलै 2020. लॉकडाऊनचे दिवस, शाळा बंद. अशात शालेय शिक्षण विभागानं एक मसुदा अधिसूचना काढली आणि राज्यभरातल्या खासगी अनुदानित शाळांमधल्या शिक्षकांचे व्हॉट्सॲप ग्रुप पेटले. भोर आणि वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका, इथल्या डोंगरातल्या अनेक गावांत पाचवीच्या पुढची शाळा म्हणजे अशीच एखाद्या संस्थेची शाळा. त्यामुळे हा विषय तिथेही थेट घरापर्यंत येणारा होता.

मॅटर काय होता? 1981 च्या खासगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती नियमावलीत बदल करायचा आणि तो बदल मागच्या तारखेपासून, 2005 पासून, लागू झाला असं मानायचं. कारण 1 नोव्हेंबर 2005 पासून नव्या भरतीसाठी जुनी पेन्शन बंद झाली होती. पण त्याआधी नोकरीला लागलेले अनेक शिक्षक अशा शाळांत होते, ज्यांना तेव्हा शंभर टक्के अनुदान नव्हतं. त्यांना जुनी पेन्शन मिळणार की नाही, हा वाद कोर्टातही गेला. पण आपला प्रश्न वेगळा आहे. मंत्रालयातून निघालेला नियम पंधरा वर्षं मागे जाऊ शकतो का?

पहिली गोष्ट, कायदा आणि नियम यात फरक आहे. कायदा विधिमंडळ करतं. नियम सरकार करतं, तेही कायद्यानं दिलेल्या अधिकारातून. विधिमंडळ मागच्या तारखेपासून कायदा करू शकतं. सरकारला मात्र तशी मुभा मूळ कायद्यानं दिलेली असावी लागते. 1972 मध्ये हुकूमचंद खटल्यात सुप्रीम कोर्टानं हेच सांगितलं. ही मुभा कायद्यात स्पष्ट दिसली पाहिजे, किंवा त्याच्या शब्दांतून तसाच अर्थ निघाला पाहिजे. नियम विधिमंडळासमोर ठेवला, एवढ्यानं ही उणीव भरून निघत नाही.

समजा मुभा आहे. मग वाट मोकळी? नाही. इथेच खरी गंमत आहे आणि त्यासाठी रेल्वेचा एक किस्सा बघावा लागेल.

रेल्वेचे ड्रायव्हर, गार्ड यांना पगारासोबत रनिंग अलाउन्स मिळतो. पेन्शन काढताना हा भत्ता पगाराच्या 75 टक्क्यांपर्यंत धरला जायचा. 5 डिसेंबर 1988 ला रेल्वेनं नियम बदलला. 1 जानेवारी 1973 पासून 45 टक्के आणि 1 एप्रिल 1979 पासून 55 टक्केच धरायचे, असं ठरलं. पगारश्रेणी 1973 पासून वाढल्या होत्या, हे त्यामागचं कारण.

आता हिशोब करू. समजा एका गार्डचा पगार 500 रुपये होता आणि तो 1975 मध्ये रिटायर झाला. जुन्या नियमानं त्याची पेन्शन 875 रुपयांवर निघते. नव्या नियमानं 725 वर. म्हणजे रिटायर होऊन तेरा वर्षं झाल्यावर त्याला सांगितलं जातंय की तुमची पेन्शन तेव्हापासूनच कमी होती.

राज्यघटनेच्या कलम 309 खाली सेवेचे नियम मागच्या तारखेपासून करता येतात, हे कोर्टाला मान्यच होतं. तरीही 25 जुलै 1997 ला रंगधामय्या खटल्यात घटनापीठानं हा मागे जाणारा भाग रद्द केला. रिटायर होताना लागू असलेल्या नियमानं जे हाती पडलं, तो हक्क झाला. तो मागून काढून घेणं मनमानी आहे आणि समानतेच्या हक्काचा भंग आहे, असं कोर्ट म्हणालं. फायदा देणारा नियम, उदाहरणार्थ मागच्या तारखेपासून वेतनवाढ, या कचाट्यात सहसा सापडत नाही.

आता शिक्षकांकडे परत येऊ. रेल्वेचे लोक रिटायर झालेले होते. इथे बहुतेक शिक्षक नोकरीत होते. त्यामुळे सरकारला म्हणता आलं असतं की यांचा हक्क अजून पक्का झालेलाच नाही, ही फक्त अपेक्षा आहे. हा युक्तिवाद हलका नाही, कारण पुढच्या काळासाठी सेवाशर्ती बदलण्याचा सरकारला अधिकार असतो. पण मग प्रश्न येतो की बदल पुढच्या काळासाठीच असेल, तर 2005 ही तारीख टाकायची कशाला? माझ्या मते मसुद्याची सगळ्यात कच्ची बाजू हीच होती. त्यावर कोर्टाचा निकाल यायची वेळच आली नाही. विरोध वाढला आणि पुढे सरकारनं मसुदा मागे घेतला.

हे थांबू शकलं, कारण तो मसुदा होता आणि त्यावर हरकती मागवल्या होत्या. असा पुढचा मसुदा ग्रुपवर आला, तर आधी त्यातली अंमलाची तारीख शोधा. ‘या दिनांकापासून अंमलात आले असल्याचे मानण्यात येईल’ अशा धर्तीचं वाक्य दिसलं की नियम मागे जातोय. मग वर कोणत्या कलमाखाली नियम केलाय ते बघा आणि ते कलम उघडून त्यात मागे जायची मुभा आहे का ते वाचा. ती नसेल, तर हरकतीत पहिला मुद्दा तोच लिहा. आणि मुदत संपायच्या आत पाठवा.