‘आपोआप बंद’ हा ठराव नामंजूर करा



येत्या सर्वसाधारण सभेपुढे एक ठराव येणार आहे. मंडळाच्या कामांच्या यादीतील ज्या नोंदीला सहा आठवडे कोणी हात लावला नाही, ती नोंद संगणकाने आपोआप बंद करावी, असा तो ठराव. सुचवणारे आपलेच तरुण सभासद आहेत, संगणक क्षेत्रात मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि त्यांचा हेतू चांगला आहे. यादी फुगली आहे हे त्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे. तरीही हा ठराव मंजूर होता कामा नये. का, ते सविस्तर सांगतो.

ठरावाच्या समर्थनार्थ ‘मोठ्या संगणक प्रकल्पांत असेच करतात’ हा दाखला दिला जातो. दाखला खरा आहे, पण अर्धा. कुबरनेटीज नावाचा एक जगप्रसिद्ध प्रकल्प आहे. त्यात तक्रार वा सूचना नोंदवली आणि ९० दिवस काही हालचाल झाली नाही, तर एक यंत्र तिच्यावर `lifecycle/stale` म्हणजे ‘शिळी’ अशी चिठ्ठी लावते. आणखी ३० दिवसांनी चिठ्ठी बदलून `lifecycle/rotten`, म्हणजे ‘कुजकी’ होते. त्यानंतर ३० दिवसांनी नोंद बंद. म्हणजे तिथेही पाच महिने देतात आणि मधे दोनदा बजावतात. आपल्या ठरावात सहा आठवडे आणि एकदाही सूचना नाही!

शिवाय ते यंत्र स्वतःच कबूल करते, की सर्व नोंदींकडे लक्ष द्यायला पुरेशी माणसे नाहीत म्हणून हे चालले आहे. तिथे जगभरातले अनोळखी लोक हजारोंनी नोंदी टाकतात. आपली यादी एकसष्ट नोंदींची, आणि नोंद टाकणारा माणूस तीन गल्ल्यांपलीकडे राहतो. त्यांची अडचण आपली नाही, मग त्यांचा उपाय आपण का उसना घ्यावा?

त्या उपायातली मेखही पाहून घ्या. नोंद बंद होऊ नये असे वाटले तर तिथे एक ओळ लिहायची:

```
/remove-lifecycle stale
```

एवढे लिहिले की ‘शिळी’ ही चिठ्ठी निघते आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येते. काम तसूभरही पुढे सरकलेले नसते. चिकाटीचा माणूस दर तीन महिन्यांनी ही ओळ लिहीत राहतो आणि नोंद वर्षानुवर्षे ‘जिवंत’ राहते. ज्याला ही खुबी माहीत नाही, त्याची नोंद जाते. म्हणजे निवाडा कामाच्या गरजेवर होत नाही, कोण जास्त वेळा दार ठोठावतो यावर होतो. आपल्या मध्यप्रदेशात १८१ च्या हेल्पलाइनवर तक्रार केलेल्यांना ‘फोर्स क्लोज’ हे शब्द नव्याने शिकवायला नकोत. तक्रार बंद झाल्याचे कळते, नळाला पाणी मात्र येत नाही. सरकारने केले की आपण चिडतो आणि मंडळात तेच ठरावाने करायचे?

दुसऱ्या बाजूचेही एक मत आहे, त्याचाही समाचार घेतो. काही ज्येष्ठ म्हणतात, काहीच बंद करू नका, कोणीतरी कळकळीने लिहिलेले असते. ही कळकळ मला समजते, पण तिचा परिणाम काय होतो तो पाहा. एकसष्टमधल्या चौतीस नोंदी शिळ्या असल्या की यादी उघडणारा पहिली दहा वाचतो आणि मिटतो. अकराव्या ओळीत जे खरोखर तातडीचे असते, तेही त्या ढिगाखाली जाते.

मग करायचे काय? गेल्या महिन्यात दोन रविवारी आम्ही दोघांनी बसून ही झाडाझडती घेतली, तिचा हिशेब देतो.

शिळी नोंद ओळखायची कशी, हाच पहिला प्रश्न होता. संगणक सांगतो ती ‘शेवटचा बदल’ तारीख इथे फसवी ठरते. कोणी शुद्धलेखन सुधारले, कोणी ‘काम चालू आहे’ असे लिहिले, तरी तारीख ताजी होते. आमच्या यादीत एका नोंदीखाली ‘काम चालू आहे’ हे वाक्य पाच वेळा होते आणि काम सुरूच झालेले नव्हते. त्याहून गंमत म्हणजे झाडाझडतीच या तारखा बिघडवते. एका बैठकीत सगळ्या नोंदींना हात लागला की सगळ्या ताज्या दिसतात आणि पुढचे सहा आठवडे काहीच शिळे सापडत नाही. म्हणून ‘खरी हालचाल’ असा वेगळा रकाना केला. पत्र गेले, पैसे दिले, उत्तर आले, असे बाहेर काही घडले तरच तिथे तारीख हाताने घालायची. शेजारच्या रकान्यात `=TODAY()-F2` एवढे सूत्र. आकडा ४२ च्या वर गेला की नोंद तपासणीला. तपासणीला, बंद करायला नव्हे. सगळा वाद या एका शब्दाचा आहे. किती दिवस झाले यावरून पाहायचे कुठे ते कळते, करायचे काय ते कळत नाही.

सर्वांत जुनी नोंद आधी घेतली. प्रत्येकीला साधारण तीन-चार मिनिटे. प्रश्न साधेच होते: हे काम होऊन गेले आहे का? दुसऱ्या नावाने हेच यादीत आहे का? ज्याने मागितले त्याला अजून हवे आहे का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आपण द्यायचे नसते, फोन करायचा असतो.

चौतीसपैकी आठ कामे केव्हाच झालेली निघाली. ग्रंथालयाच्या कपाटाची वाळवी अकरा आठवड्यांपूर्वी औषध मारून संपली होती, नोंद तेवढी उरली होती. पाच नोंदी दुबार. दहा कामे आम्ही सोडून दिली, प्रत्येकीखाली कारण लिहून. ‘मंडळाचे संकेतस्थळ काढावे’ ही त्यातलीच. मजकूर देणारा कोणी नाही, म्हणून बंद. कोणी पुढे आला तर पुन्हा उघडू. दहाही जणांना तसे कळवले. दोघांनी हरकत घेतली, त्यांचे ऐकून घेणे चालू आहे. हरकत आली हे मी चांगले लक्षण समजतो. बंद केलेले काम दोन महिन्यांनी वेगळ्या शब्दांत नवी नोंद होऊन परत आले, तर समजावे की ते न विचारता बंद झाले होते.

उरलेल्या अकरांपैकी दोन नोंदी सांगतो. ठराव करणाऱ्यांनी त्या नीट वाचाव्यात.

पहिली, नव्या कार्यकारिणीची यादी निबंधकांकडे सादर करणे. १९७३ च्या मध्यप्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियमाप्रमाणे हे दरवर्षी करावे लागते. आठ आठवडे कोणी हात लावलेला नव्हता. याबद्दल कोणी ओरडतही नाही, कारण त्यात कोणाचा जीव अडकलेला नसतो. पण यादी गेली नाही की पुढे बँकेत सह्या बदलताना आणि अनुदान मागताना गाडी अडते. ‘आपोआप बंद’ असते तर ही नोंद दोन आठवड्यांपूर्वीच गेली असती.

दुसरी विद्यार्थी साहाय्य निधीची. एका मुलीचा अर्ज, दहा आठवडे निपचित. शेरा होता ‘गुणपत्रिकेची प्रत मागवली’ आणि जबाबदारीच्या रकान्यात ‘कार्यालय’. कार्यालय म्हणजे कोण? कोणीच नाही. आम्ही मुलीच्या आईला फोन केला. त्या म्हणाल्या, “काका, प्रत त्याच आठवड्यात देऊन गेले होते. नंतर काही कळलं नाही, म्हणून मला वाटलं तुम्ही नाही म्हणालात. पुन्हा विचारायला बरं वाटेना.” प्रत कार्यालयाच्या खणात पाकिटात सापडली. मंडळ त्यांची वाट पाहत होते, त्या मंडळाची. फीचा दुसरा हप्ता भरायला तेव्हा बारा दिवस उरले होते. धनादेश नवव्या दिवशी गेला.

स्वाभिमानी माणूस दोनदा मागत नाही, आपल्या जुन्या घरांत तर नाहीच. दार ठोठावणाऱ्याचीच नोंद जिवंत ठेवणारे यंत्र अशाच माणसाला सर्वांत आधी बाहेर काढते.

आता पुनरुज्जीवनाबद्दल. ‘पुन्हा सुरू’ असे लिहिल्याने काही सुरू होत नाही. आम्ही अकराही नोंदींना एका माणसाचे नाव लावले (समितीचे नाही, कार्यालयाचे तर नाहीच), पुढचे एकच पाऊल लिहिले आणि त्याची तारीख घातली. ‘निबंधकांचे काम बघणे’ हे पाऊल नव्हे. ‘बुधवारपर्यंत अध्यक्षांची सही घेणे’ हे पाऊल. एकाकडे दोनपेक्षा जास्त कामे दिली नाहीत. जे काम बाहेरच्या कोणावर अडले आहे, तिथे कोणावर अडले आणि पुन्हा कधी विचारायचे ते लिहिले. तीन आठवड्यांनी पाहिले तर अकरापैकी सात हलली होती, चार नाहीत. त्या चारांना एक संधी आणखी. तरीही हलली नाहीत तर तिसऱ्यांदा तारीख द्यायची नाही. कार्यकारिणीने काम करायचे की सोडायचे ते मतदानाने ठरवावे आणि सोडले तर अर्जदाराला तसे पत्र जावे.

या सगळ्याला दोघांचे मिळून चार तास लागले, फोन धरून. वेळ नाही म्हणून यंत्र हवे, असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात घ्यावा. यंत्राला माझा विरोध नाही. बेचाळीस दिवस झाले हे त्याने जरूर सांगावे, यादी काढून द्यावी, आठवण करावी. बंद करण्याची सही मात्र माणसाची असावी आणि तिच्याखाली कारण असावे.

म्हणून सभेत मी उपसूचना मांडणार आहे: मूळ ठरावातील ‘आपोआप बंद करावी’ हे शब्द वगळून ‘दर सहा आठवड्यांनी दोन सभासदांनी तपासावी, बंद केल्यास कारण लिहून अर्जदारास कळवावे’ हे शब्द घालावेत. अनुमोदक मिळाले आहेत. सध्याची यादी कार्यालयात फलकावर लावली आहे. आपण कधी काही मागितले असेल आणि उत्तर आले नसेल, तर सभेपूर्वी येऊन आपली नोंद तिथे आहे की नाही ते पाहून जावे.