स्क्रीन फुटली: फोन दुरुस्त करायचा की एक्सचेंजला द्यायचा?

सेल लागला की एक्सचेंज ऑफरच्या जाहिराती सुरू होतात. फोन चालू असेल तर बऱ्यापैकी किंमत दाखवतात, पण स्क्रीन फुटलीय असं टाकलं की रक्कम निम्म्याहून खाली येते. यात लूट आहे का? आधी तुमचा फोन घेणाऱ्याचा हिशोब बघू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत.

घेणाऱ्याचा हिशोब

समजा, तुमचा दोन वर्षं जुना फोन रिफर्बिश्ड म्हणून ९,००० रुपयांना विकला जाईल. त्याआधी डेटा पुसणं, तपासणी, वाहतूक, सहा महिन्यांची वॉरंटी आणि नफा मिळून २,८०० जातात. म्हणजे चांगल्या फोनचे तुम्हाला ६,२०० मिळू शकतात. स्क्रीन फुटलेली असेल तर ३,५०० चा नवीन डिस्प्ले टाकावा लागतो, मग हातात उरतात २,७००.

मग स्क्रीन बदलून विकला तर? सर्व्हिस सेंटरला समजा ४,००० लागले. ६,२०० मधून ते वजा केले की २,२०० उरतात, म्हणजे आहे तसा विकण्यापेक्षा ५०० रुपये कमीच. त्यामुळे विकायचाच असेल तर आधी दुरुस्त करू नका.

वापरायचा असेल तर गणित बदलतं

दुरुस्तीचे ४,००० आणि एक्सचेंजचे सोडलेले २,७०० असा तुमचा खरा खर्च ६,७०० होतो. दुसरीकडे १५,००० चा नवा फोन तीन वर्षं वापरला आणि नंतर त्याला फारसं काही आलं नाही, तर वर्षाला ५,००० पडतात. म्हणजे दुरुस्त केलेला फोन साधारण १६ महिने चालला की पैसे वसूल.

तो तेवढा चालेल का, हे दोन गोष्टी ठरवतात: सिक्युरिटी अपडेट अजून किती दिवस मिळणार आणि बॅटरी किती उरलीय. बँकिंग ॲप वापरत असाल तर अपडेट बंद झालेल्या फोनवर खर्च करू नका. बॅटरी मात्र बदलता येते. तिचा खर्च वरच्या हिशोबात धरा.

पार्ट मिळाला तरच

या सगळ्याची किल्ली पार्टच्या किमतीत आहे. डिस्प्ले ३,५०० ऐवजी ६,५०० ला मिळाला, तर रिफर्बिश करणाऱ्याला काहीच उरत नाही आणि तो फोन सुट्या पार्टसाठी किंवा भंगारात जातो. भंगारातून तांबं, सोनं, ॲल्युमिनियम परत मिळतं, पण चालू प्रोसेसर आणि कॅमेरा बनवायला लागलेली मेहनत वाया जाते.

म्हणूनच युरोपियन युनियनने २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या फोनसाठी नियम लावले. मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षं महत्त्वाचे पार्ट आणि किमान पाच वर्षं अपडेट द्यायचे. आपल्याकडे २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसार कंपन्यांवर रिसायकलिंगचं टार्गेट आहे. फोन रिफर्बिश झाला तर ती जबाबदारी पुढे ढकलता येते. पण पार्ट वाजवी दरात मिळालेच पाहिजेत, असं हे नियम सांगत नाहीत. दुरुस्ती किती सोपी आहे याचा इंडेक्स आणण्यासाठी नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये केंद्राला अहवाल दिला. त्यात पार्टची उपलब्धता हाही एक निकष सुचवला आहे.

भाड्याने घेतलं की चित्र उलटं

भाड्याच्या वॉटर प्युरिफायरचं उदाहरण घ्या. मशीन कंपनीच्याच मालकीचं असतं आणि देखभाल भाड्यात धरलेली असते. मशीन बिघडलं तर खर्च कंपनीचा, त्यामुळे ते टिकाऊ आणि पटकन उघडता येईल असं बनवण्यात तिचाच फायदा. फोन एकदा विकला की वॉरंटीनंतरचा बिघाड तुमच्या खिशातून जातो. पार्ट महाग ठेवण्याचा तोटा कंपनीला फारसा होत नाही.

देताना आणि घेताना

फोन देण्याआधी गूगल किंवा ॲपल अकाउंट काढून मगच रिसेट करा. अकाउंट राहिलं तर रिसेटनंतरही फोन लॉक राहतो आणि चांगला फोनसुद्धा पार्टच्या भावात जातो.

रिफर्बिश्ड घेताना *#06# डायल करून IMEI काढा आणि `KYM` लिहून, जागा सोडून, तो नंबर 14422 वर SMS करा. फोन ब्लॅकलिस्टमध्ये आहे का ते कळतं. नव्या आयफोनमध्ये Settings > General > About इथे बदललेले पार्ट दिसतात. तिथे Unknown Part आलं, तर पार्ट ओरिजिनल नसू शकतो. त्या हिशोबाने भाव करा.